स सुकतो, ल लोटला जातो: मनगटाच्या आठ हाडांची उजळणी

मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला ती क्रमाने पाठ करावी लागतात. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म ही कोपराकडची रांग. ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट ही बोटांकडची. त्यासाठी ‘शी लुक्स टू प्रिटी, ट्राय टू कॅच हर’ हे इंग्रजी वाक्य विद्यार्थ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मुलीला पकडायला सांगणारं हे वाक्य वर्गात आता नको, असं मला मनापासून वाटतं. आद्याक्षरंच हवी असतील तर मराठीतही जमतं: ‘सखू, लिंबं टोपलीत पाड, टोपली टेकव कट्ट्यावर हळू.’ स-ल-ट-प, ट-ट-क-ह.

अशा वाक्यांत एक अडचण असते. नावं लक्षात राहतात, पण मोजायला कुठून सुरुवात करायची ते परीक्षेत नेमकं निसटतं. दोन्ही रांगा अंगठ्याच्या बाजूने सुरू होऊन करंगळीकडे जातात, ही गोष्ट वाक्यात कुठेच नाही. म्हणून उजळणीच्या कागदावर आधी चित्र काढावं, आणि ते डाव्या तळहाताचं काढावं. डावा तळहात आपल्याकडे करून बोटं वर धरली की अंगठा डावीकडे येतो, म्हणजे हाडांचा क्रम आपण लिहितो त्याच दिशेने, डावीकडून उजवीकडे वाचता येतो. खालच्या रांगेवर ‘सखू, लिंबं टोपलीत पाड’ आणि वरच्या रांगेवर ‘टोपली टेकव कट्ट्यावर हळू’ असं लिहिलं की दिशेचा प्रश्न उरत नाही. राहता राहिला तीन ‘ट’चा गोंधळ. ट्रायक्वेट्रम खालच्या रांगेत एकटा आहे. वरच्या दोघांपैकी ज्याच्या शेवटी ‘म’ येतो तो ट्रॅपेझियम ‘थम’चा, म्हणजे अंगठ्याचा.

चित्र तयार झालं की कोणतं हाड कोणाला टेकतं ते त्यावरच भरता येतं. वरच्या रांगेत हाडं चार आणि बोटं पाच. ट्रॅपेझियमवर अंगठा बसतो, ट्रॅपेझॉइडवर तर्जनी, कॅपिटेटवर मधलं बोट, आणि अनामिका व करंगळी या दोघींचा भार हॅमेट घेतो. अंगठ्याचा सांधा खोगिरासारख्या दुहेरी बाकाचा असतो, म्हणून अंगठा तळहातावर आडवा येऊन प्रत्येक बोटाला भेटू शकतो. खाली कोपराकडे पाहिलं तर पुढच्या हातातल्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं रेडिअस हेच मनगटाला खरं टेकतं, तेही मुख्यतः स्कॅफॉइड आणि ल्युनेटला. करंगळीच्या बाजूचं अल्ना थेट टेकत नाही, मध्ये कूर्चेची एक चकती असते. पिसिफॉर्म तर रांगेत उभंच नाही. ते एका स्नायूच्या दोरीत, म्हणजे कंडरेत अडकलेलं असतं आणि फक्त ट्रायक्वेट्रमच्या पुढ्यात टेकतं. तळहाताच्या मुळाशी करंगळीच्या बाजूला जो कडक गोळा लागतो, तो हाच.

आता स्कॅफॉइडकडे नीट पाहायला हवं. ते खालच्या रांगेत मोजलं जातं खरं, पण त्याचं वरचं टोक थेट वरच्या रांगेपर्यंत पोहोचतं. त्याला पाच शेजारी आहेत: खाली रेडिअस, बाजूला ल्युनेट आणि कॅपिटेट, वर ट्रॅपेझियम आणि ट्रॅपेझॉइड. दोन रांगांना जोडणारं हे हाड मधोमध कमरेसारखं निमुळतं होतं. माणूस तोल जाऊन पडतो तेव्हा हात आपोआप पुढे येतो, मनगट मागे वाकतं आणि सगळा भार तळहातावर येतो. अशा वेळी दोन रांगांमधला ताण या निमुळत्या भागावर पडून हाड तिथे तडकतं. मनगटाच्या आठ हाडांत सर्वांत जास्त वेळा मोडणारं हाड हेच. रुग्ण बहुतेकदा तरुण असतात. त्याच तऱ्हेने पडलेल्या उतारवयातल्या बाईचं बहुधा रेडिअसचं टोक मोडतं, कारण तिथलं हाड वयानुसार विरळ झालेलं असतं.

हाड मोडणं ही स्वतंत्र गोष्ट आणि न जुळणं ही स्वतंत्र. स्कॅफॉइड न जुळण्याचं कारण त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. या हाडाचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो, आणि कूर्चेतून रक्तवाहिनी आत शिरू शकत नाही. रेडिअल धमनीच्या, म्हणजे आपण जिची नाडी बघतो तिच्या, फांद्यांना आत जायला कंबरेजवळचा आणि वरच्या टोकाकडचा थोडासाच भाग मिळतो. तिथून आत गेलेलं रक्त उलट दिशेने, बोटांकडून कोपराकडे वाहतं. खालचं टोक जवळजवळ पूर्णपणे या उलट्या प्रवाहावर जगतं. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतासारखी त्याची स्थिती असते: कालवा मध्येच फुटला तर वरच्या शेतांना पाणी मिळत राहतं आणि शेपटाकडचं रान सुकतं. म्हणून उजळणीच्या कागदावर ‘स’समोर एकच शब्द लिहावा, ‘सुकतो’. हाडाचा तुकडा रक्ताविना मरतो, त्याला वैद्यकीय भाषेत अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. तडा जितका खालच्या टोकाजवळ, तितका हा धोका मोठा. वरच्या टोकाचा तडा मात्र सहसा बिनतक्रार जुळतो. हा एक प्रवाह समजला की तीन-चार वेगवेगळी उत्तरं पाठ करण्याची गरजच राहत नाही.

एक प्रसंग घेऊ. चोवीस वर्षांचा तरुण वाळूवर स्कूटर घसरून पडतो आणि उजवा तळहात टेकतो. मनगट थोडं सुजतं, पण वाकडं दिसत नाही आणि बोटं हलतात. मुरगळलं असेल असं घरच्यांना वाटतं. तपासणारा डॉक्टर आधी अंगठा ताठ वर करायला सांगतो. मनगटाच्या कडेला दोन कंडरांमध्ये एक खळगा उमटतो. पूर्वी लोक तपकीर ओढायला याच खळग्यात चिमूट ठेवत, म्हणून तो ‘स्नफ बॉक्स’. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड असतं. तिथे दाबल्यावर दुखतं का, तळहाताच्या बाजूने अंगठ्याच्या मुळाशी लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखतं का, आणि अंगठा त्याच्याच रेषेत मनगटाकडे ढकलल्यावर दुखतं का, हे तीन प्रश्न. तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली तरी फ्रॅक्चर सिद्ध होत नाही, कारण मार बसलेली पुष्कळ मनगटं तिथे दुखतात. पण संशय मात्र पक्का होतो.

एक्स-रे काढतात, त्यात मनगट करंगळीकडे झुकवून घेतलेलं खास चित्रही असतं, आणि तडा दिसत नाही. चूक इथे होते. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये स्कॅफॉइडचा न सरकलेला तडा निसटू शकतो, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे ‘हाड नॉर्मल’ असं इथे धरता येत नाही. संशय असेल तर हात प्लास्टरमध्ये किंवा पट्टीच्या आधारात ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. तोवर तड्याच्या कडांवरचं हाड शरीर थोडं शोषून घेतं, फट रुंदावते आणि रेष दिसू लागते. एमआरआयची सोय असेल तर इतके दिवस थांबावं लागत नाही, त्यात तडा पहिल्या काही दिवसांतच कळतो.

आपल्या तरुणाच्या दुसऱ्या एक्स-रेत कंबरेला रेष दिसली आणि तुकडे सरकलेले नसले, तर कोपराखालचं प्लास्टर साधारण 8 ते 12 आठवडे राहतं. तुकडे सरकले असतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ऑस्ट्रेलियातले शल्यविशारद टिमोथी हर्बर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा बिनडोक्याचा स्क्रू यासाठीच आहे. त्याच्या दोन टोकांच्या आट्यांमधलं अंतर वेगवेगळं असतं, त्यामुळे तो पिळला की दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जातात, आणि डोकं नसल्याने तो कूर्चेखाली गाडून टाकता येतो. प्रत्येकाला मात्र तो लागत नाही. इंग्लंड-वेल्समधल्या ‘स्विफ्ट’ या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. कंबरेचा तडा 2 मिलिमीटरपर्यंत सरकलेल्या प्रौढांत वर्षअखेरीस स्क्रू आणि प्लास्टर यांच्या परिणामात महत्त्वाचा फरक आढळला नाही. अट एवढीच, की प्लास्टरनंतर हाड जुळलं का ते वेळेवर पाहायचं आणि जुळत नसेल तर लगेच शस्त्रक्रिया करायची.

आणि तो तरुण दुसऱ्या एक्स-रेला गेलाच नाही तर? दोन-तीन आठवड्यांत दुखणं ओसरतं आणि तो पुन्हा स्कूटर चालवू लागतो. काही महिन्यांनी पाण्याची बादली उचलताना किंवा जमिनीवर हात टेकून उठताना मनगट ठणकतं, मागे पूर्वीइतकं वाकत नाही. आता काढलेल्या एक्स-रेत फट स्पष्ट दिसते, आणि खालचा तुकडा आजूबाजूच्या हाडांपेक्षा पांढरा दिसू शकतो. नवख्याला तो पांढरा तुकडा मजबूत वाटतो. खरं तर जिवंत हाडं वापर कमी झाल्याने विरळ होत गेलेली असतात. मेलेल्या तुकड्यापर्यंत रक्तच पोहोचत नसल्याने त्यातली खनिजं जिथल्या तिथे राहतात, म्हणून तो उठून दिसतो. या टप्प्यावर कंबरेचं किंवा रेडिअसचं हाड घेऊन कलम करावं लागतं, कधी रक्तवाहिनीसकट. तेही झालं नाही तर काही वर्षांत रेडिअसच्या टोकापासून सुरू होऊन मनगटाचा सांधा झिजत जातो.

कागदावरच्या दुसऱ्या अक्षराला एवढी जागा लागत नाही. ‘ल लोटला जातो’: जोरात पडल्यावर ल्युनेट मोडण्याऐवजी तळहाताकडे सरकतं आणि तिथून जाणाऱ्या मीडियन नसेवर दाब देतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर झाली, तर आधी हे आठवावं. समोरून काढलेल्या एक्स-रेत ते सहज निसटतं. बाजूने काढलेल्या चित्रात रेडिअस, ल्युनेट आणि कॅपिटेट एका सरळ रेषेत हवेत, ती रेष तुटलेली दिसते. हे त्याच दिवशी जागेवर बसवण्याचं काम आहे, दोन आठवडे थांबण्याचं नाही.

उरला ‘ह’, आणि त्याचा हुक. हॅमेटला तळहाताच्या बाजूने हुकासारखा एक काटा असतो. बॅट, रॅकेट किंवा गोल्फच्या काठीची मूठ नेमकी त्यावर आदळते, म्हणून हा काटा मोडणारे बरेचजण खेळाडू असतात. शेजारून अल्नर नस जाते, तेव्हा करंगळीत मुंग्या येतात आणि पकड ढिली पडते. नेहमीच्या एक्स-रेत काटा इतर हाडांमागे झाकला जातो. तो पाहायला मनगट मागे वाकवून तळहाताच्या दिशेने घेतलेलं चित्र किंवा सीटी स्कॅन लागतो. दुखणं अंगावर काढलं तर तुटलेल्या कडेवर करंगळी वाकवणारी कंडरा घासत राहते आणि एक दिवस करंगळी मुठीत येईनाशी होते. न जुळलेला काटा शल्यविशारद बहुधा काढूनच टाकतात.