राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण ही भारतातील शालेय विद्यार्थ्यांची अध्ययन पातळी नमुन्याद्वारे मोजणारी चाचणी आहे. 12 नोव्हेंबर 2021 रोजी ती तिसरी, पाचवी, आठवी व दहावीसाठी घेण्यात आली. त्यात सुमारे 1.18 लाख शाळांतील 34 लाख विद्यार्थी सहभागी होते. निवडलेल्या वर्गातून जास्तीत जास्त 30 विद्यार्थी घेतले जातात. निष्कर्ष राष्ट्र, राज्य व जिल्हा या पातळ्यांवर प्रसिद्ध होतात.

== शाळेसाठी मर्यादा ==
जिल्ह्याची सरासरी अनेक शाळांवर आधारित असल्याने एखाद-दुसऱ्या विद्यार्थ्यामुळे ती फारशी बदलत नाही. एका शाळेबाबत तसे घडत नाही. समजा, तिसरीच्या 12 विद्यार्थ्यांपैकी 6 जणांनी एका प्रश्नाचे उत्तर अचूक दिले, तर प्रमाण 50 टक्के होते. आणखी एकाने ते दिले असते, तर 58 टक्के झाले असते. त्यामुळे अशा आकड्यांवरून शाळेची प्रगती वा घसरण ठरवता येत नाही. निवड न झालेल्या शाळेविषयी तर सर्वेक्षण थेट काहीच सांगत नाही.

== उपयोग ==
जिल्ह्यात भागाकाराची अध्ययन निष्पत्ती कमकुवत आढळल्यास शाळेने तो निष्कर्ष आपल्या मुलांना लागू न करता, त्याच निष्पत्तीवर स्वतः सर्व मुलांची चाचणी घेणे योग्य ठरते.