काळ्या वाळूचा पत्ता

किनाऱ्याचा फोटो समोर आला आणि त्यात काळी वाळू दिसली, की बहुतेकांच्या तोंडून आधी आइसलँड निघतं, नाहीतर हवाई. पण काळा रंग एवढंच सांगतो की वाळू लोहयुक्त दगडाची किंवा खनिजाची आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही किनाऱ्यांवरही काळी वाळू आहे. ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या जड खनिजांची. लाटा हलके कण ओढून नेतात आणि जड कण मागे राहतात, म्हणून तिथे काळेपणा पट्ट्यापट्ट्यांनी, तपकिरी वाळूत मिसळून दिसतो. आइसलँडच्या रेनिसफ्यारावर मात्र पाण्यापासून कड्यापर्यंत सगळाच किनारा काळा असतो आणि पायाखालचे गोटेसुद्धा बेसॉल्टचेच. तेव्हा पहिला प्रश्न रंगाचा नसून रंग कसा पसरला आहे याचा असतो. ओली वाळू कोरडीपेक्षा कितीतरी गडद दिसते, म्हणून लाटेपासून दूरचा, कोरडा भाग पाहावा.

मागे डोंगर दिसत असेल तर काम बरंच सोपं होतं. सह्याद्रीही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हाचे थर एकावर एक आडवे साचले, म्हणून आपल्याकडे सपाट माथे आणि पायऱ्यापायऱ्यांचे कडे दिसतात. ज्वालामुखीच्या तोंडातून उडालेले सच्छिद्र खडे भोवती पडून जो शंकू तयार होतो, त्याची बाजू धान्याच्या राशीसारखी साधारण तीस अंशांवर स्थिरावते. असा सुटा ढीग पाऊस-वाऱ्यापुढे कोट्यवधी वर्षं टिकत नाही. माथ्यावर खळगा असलेला रेखीव शंकू फोटोत दिसला, की ज्वालामुखी भूशास्त्राच्या हिशेबाने तरुण आहे असं समजावं आणि दख्खन यादीतून काढून टाकावं.

आता एक फोटो घेऊ. टेकडीवरून काढलेला: पुढे काळ्या बारीक खड्यांचं शेत, त्यात ओळीने खळगे, प्रत्येक खळग्यात एक हिरवं झुडूप आणि कडेला गुडघाभर उंचीची अर्धगोल दगडी भिंत. मागे ओबडधोबड लाव्हाचं रान आणि तांबूस शंकू. तांबूसपणा येतो तो ज्वालामुखीच्या तोंडाजवळच्या उष्णतेने आणि वाफेने खड्यांतलं लोह गंजल्यामुळे. असे शंकू जगभर आहेत, त्यामुळे एवढ्यावर प्रदेश ठरत नाही.

खरी माहिती लाव्हावर काय उगवलंय यात आहे. आइसलँडच्या दक्षिणेकडे लाकीचा उद्रेक 1783-84 मध्ये झाला. त्या लाव्हावर आज जाड, मऊ, करड्या-हिरव्या मॉसची गादी पसरली आहे. कॅनरी बेटांपैकी लांझारोटेवर 1730 ते 1736 असा सहा वर्षं उद्रेक चालला. तो लाव्हा लाकीपेक्षा अर्ध्या शतकाने जुना, तरीही बराचसा उघडाच, त्यावर जागोजागी फिकट दगडफुलाचे डाग. फरक पावसाचा: लांझारोटेवर वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पडतो, आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याच्या कितीतरी पट. हवाईच्या पावसाळी बाजूला अशा लाव्हावर नेचे आणि ओहिया वृक्ष पुष्कळ लवकर उभे राहतात. म्हणजे उघडा लाव्हा पाहून ‘अगदी ताजा असणार’ म्हणणं धोक्याचं. तो नुसता कोरड्या हवेतला असू शकतो. आपल्या फोटोतल्या लाव्हावर दगडफूल आहे, मॉस नाही, झाड नाही. ओले प्रदेश गेले.

उरतात कोरडी ज्वालामुखी बेटं, आणि तिथे खळगे कामाला येतात. लांझारोटेच्या ला हेरिया भागात शेतकरी काळ्या खड्यांच्या थरातून जुन्या मातीपर्यंत खळगा खणतात आणि तळाशी द्राक्षाचा वेल लावतात. खड्यांचा थर रात्रीचं दव धरतो आणि खालच्या मातीचा ओलावा उडू देत नाही. भिंत ईशान्येकडून जवळजवळ सतत वाहणारा वारा अडवते. म्हणजे भिंतीची पाठ ईशान्येकडे, आणि कॅमेरा कुठे तोंड करून आहे याचाही अंदाज बांधता येतो.

तरी घाई नको, कारण ज्वालामुखीच्या जमिनीत द्राक्षं इतरत्रही होतात. अझोर्सच्या पिको बेटावर काळ्या दगडांच्या भिंती चौकोनी, एकमेकींना लागून असतात आणि भोवताल दमट, हिरवा. केप व्हर्देच्या फोगो बेटावरही काळ्या खड्यांत वेल आहेत, पण तिथे मागे ज्वालामुखीच्या जुन्या खचलेल्या मुखाचा प्रचंड कडा आणि 2,829 मीटरचं शिखर उभं असतं. फोटोत हे काहीच नसेल, तर लांझारोटेचं नाव पुढे येतं.

त्या बेटावर शंकू मात्र डझनावारी आहेत, त्यामुळे नेमकी जागा वनस्पतीवरून किंवा भिंतीवरून कळणार नाही. त्यासाठी क्षितिजावरची रेघ लागते: कुठल्या शंकूचा काठ कुठे खचलेला आहे, कोण कोणाच्या पुढे येतो. उपग्रह चित्रावर आणि उंचसखल नकाशावर तो क्रम ताडून पाहावा. तीन शिखरं एकाच क्रमाने जुळल्याशिवाय फोटोखाली गावाचं नाव लिहू नये. तोवर ‘कॅनरी बेटं, बहुधा लांझारोटे’ एवढंच लिहावं.