चोवीस हजार रुपये कुठे गेले?

तिमाही आर्थिक अहवालात साधारण चार रकाने असतात: मंजूर रक्कम, झालेला खर्च, दोन्हींतली तफावत आणि शेवटी ‘शेरा’. पहिले तीन रकाने संगणक भरतो. चौथा माणसाला भरावा लागतो, आणि तो बहुतेकदा अहवाल पाठवायच्या दिवशी, संध्याकाळी, घाईघाईने भरला जातो. मग तिथे ‘प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा जास्त झाल्याने तफावत’ किंवा ‘कामकाजाच्या गरजेनुसार’ अशी वाक्यं येतात. पहिलं वाक्य आकड्यांत दिसतंच ते पुन्हा सांगतं आणि दुसरं कुठल्याही खर्चापुढे लिहिता येईल. विश्वस्तांना किंवा देणगीदारांना त्यातून काहीच कळत नाही.

चांगलं टिपण कसं तयार होतं हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, एक विश्वस्त संस्था आदिवासी पाड्यांसाठी फिरता दवाखाना चालवते. एक गाडी, डॉक्टर, परिचारिका, चालक. एप्रिल ते जून या तिमाहीसाठी डिझेलला ९०,००० रुपये मंजूर होते, खर्च झाले १,१४,०००. म्हणजे २४,००० रुपये जास्त, सुमारे २७ टक्के. प्रत्येक ओळीवर टिपण लिहीत बसलं तर वाचणारा कंटाळतो, म्हणून अनेक संस्था टक्के आणि रक्कम अशी दुहेरी मर्यादा ठरवतात. उदाहरणार्थ, फरक १० टक्क्यांहून जास्त आणि १०,००० रुपयांहून मोठा असेल तरच खुलासा द्यायचा. डिझेल दोन्ही कसोट्यांवर अडकतं.

लेखापालाच्या मनात पहिलं कारण येतं ते डिझेलच्या दरवाढीचं. ते खोटंही नाही. अंदाजपत्रक करताना लिटरला ९० रुपये धरले होते, प्रत्यक्षात ९५ द्यावे लागले. पण पाच रुपयांच्या वाढीने २४,००० चा फरक पडतो का, हे मोजल्याशिवाय ते कारण लिहू नये. पंपाच्या बिलांवरून या तिमाहीत १,२०० लिटर डिझेल भरलं होतं. त्यावर लिटरमागे पाच रुपये म्हणजे ६,००० रुपये. एकूण फरकाचा चौथा हिस्सा फक्त. उरलेल्या १८,००० रुपयांचा दराशी काही संबंध नाही. ते जास्तीच्या २०० लिटरचे, अंदाजातल्या ९० रुपयांच्या दराने होणारे पैसे आहेत. ‘दरवाढीमुळे’ एवढंच लिहिलं असतं, तर सगळ्यांनी मान डोलावली असती आणि खरी गोष्ट झाकलेलीच राहिली असती.

२०० लिटर जास्त का लागलं, हे खातेवहीत सापडत नाही. त्यासाठी गाडीचं लॉगबुक उघडावं लागतं आणि चालकाशी बोलावं लागतं. माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि नेमका तोच टाळला जातो. अंदाज होता १०,००० किलोमीटर आणि लिटरला १० किलोमीटर ॲव्हरेज, म्हणून १,००० लिटर. लॉगबुक सांगतं की गाडी १०,८०० किलोमीटर फिरली. अंदाजपत्रक फेब्रुवारीत मंजूर झालं आणि मार्चच्या बैठकीत विश्वस्तांनीच दोन नवे पाडे एप्रिलपासून फेरीत घेतले, त्यामुळे ८०० किलोमीटर वाढले. जुन्या ॲव्हरेजने त्याला ८० लिटर लागायला हवं होतं, म्हणजे ७,२०० रुपये. उरलं १२० लिटर, १०,८०० रुपयांचं. १०,८०० किलोमीटरला १,२०० लिटर लागलं, याचा अर्थ गाडीचं ॲव्हरेज दहावरून नऊवर उतरलं होतं.

म्हणजे तिन्ही कारणांत सर्वांत मोठं कारण ॲव्हरेजचं निघालं, ज्याचा सुरुवातीला कुणाला संशयही नव्हता. आता त्याचंही कारण हवं. जूनच्या अखेरच्या गॅरेजच्या बिलात एअर फिल्टर बदलल्याची आणि इंजेक्टर साफ केल्याची नोंद आहे. ती पुरेशी वाटते, तरी इथे एक पायरी चुकवू नये. घसरलेलं ॲव्हरेज इंजिनाचा दोष दाखवतं तसंच डिझेलच्या गळतीचं किंवा चोरीचंही लक्षण असू शकतं. म्हणून प्रत्येक बिलाची तारीख आणि लिटर लॉगबुकातल्या नोंदींशी ताडून पाहायचे. गाडी दिवसभर उभी होती त्या तारखेचं बिल निघालं, तर शेरा लिहिण्याआधी ती गोष्ट विश्वस्तांच्या कानावर घालायला हवी.

दुसरी ओळ औषधांची. मंजूर ३,००,०००, खर्च १,८०,०००. इथे १,२०,००० रुपये वाचलेले दिसतात, आणि वाचलेल्या पैशांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. कमी झालेल्या खर्चाचा खुलासाही तितक्याच कसोशीने मागायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. औषधांची साठावही पाहिली तर २७ जूनला १,००,००० रुपयांचा माल आलेला आहे. पुरवठादाराचं बिल जुलैत मिळालं म्हणून ते पुस्तकात चढलं नाही. औषधं आली, पाड्यांवर वाटायलाही लागली, फक्त कागद उशिरा आला. देणं झालेल्या खर्चाची तरतूद जूनअखेर करायची राहून गेली. खरी बचत २०,००० रुपयांचीच, तीही वार्षिक दरकरारात भाव अंदाजापेक्षा खाली आला म्हणून.

दोन्ही ओळी एकत्र केल्या तर पुस्तकांप्रमाणे ३,९०,००० पैकी २,९४,००० खर्च झालेले दिसतात, म्हणजे ९६,००० शिल्लक. ते औषधांचं बिल धरलं की खर्च ३,९४,००० होतो, मंजुरीपेक्षा ४,००० जास्त. ९६,००० शिल्लक आहेत असं समजून कुणी जुलैत नवं सामान मागवलं, तर सप्टेंबरात हात आखडतील.

म्हणून टिपणात कारणाइतकंच महत्त्वाचं असतं ते पुढे काय होणार हे. औषधांच्या बिलाचा फरक पुढच्या तिमाहीत आपोआप भरून निघेल. बिघडलेल्या ॲव्हरेजचा खर्च होऊन गेला, दुरुस्ती टिकली तर तो पुन्हा होणार नाही. पण वाढलेली फेरी आणि वाढलेला दर वर्षभर राहतील. १०,८०० किलोमीटर, दहाचं ॲव्हरेज, ९५ रुपये दर धरला तर प्रत्येक तिमाहीला १,०२,६०० लागतील, म्हणजे दर वेळी १२,६०० जास्त. तीन तिमाह्यांचे ३७,८०० आणि आत्ताचे २४,००० मिळून वर्षअखेर डिझेलवर ६१,८०० रुपये जादा जातील.

मग डिझेलपुढचा शेरा असा होतो: ‘२४,००० रु. जास्त. ॲव्हरेज १० वरून ९ वर आल्याने १०,८०० (जूनअखेर दुरुस्ती केली, बिलं लॉगबुकाशी ताडली, विसंगती नाही). मार्चच्या ठरावानुसार दोन पाडे वाढल्याने ७,२००. दरवाढीमुळे ६,०००. पाडे आणि दर कायम राहिल्यास वर्षअखेर ६१,८०० जादा लागतील. वाढीव मंजुरीची विनंती.’ मोजक्या ओळींत रक्कम, कारण, पुरावा, पुढचा अंदाज आणि विश्वस्तांनी काय ठरवायचं ते, सगळं आलं. कारणांच्या रकमांची बेरीज २४,००० भरते, ही तपासणी लिहिणाऱ्याने स्वतःच करायची. बेरीज जुळत नसेल तर एखादं कारण सुटलंय किंवा फुगवलंय.

ऑक्टोबरात दुसऱ्या तिमाहीचा अहवाल करायला बसताना हाच शेरा आधी काढायचा. जुलै ते सप्टेंबरचं ॲव्हरेज दहाच्या आसपास आलं असेल तर गॅरेजचं कारण खरं ठरलं. ते नऊवरच थांबलं असेल, तर जूनचं स्पष्टीकरण चुकलं होतं असं नव्या टिपणात स्पष्ट लिहायचं आणि पंपाची बिलं पुन्हा एकेक करून तपासायला घ्यायची.