‘छान लिहिलंस’ म्हटल्याने मैत्रिणीचा निबंध सुधारत नाही. मग म्हणायचं तरी काय?

वर्गात बाई सांगतात, “शेजारच्याचा निबंध वाचा आणि अभिप्राय लिहा.” पाच मिनिटांनी वह्या परत येतात. निम्म्या वह्यांवर ‘छान’, काहींवर ‘अक्षर सुधार’ आणि एखादीवर ‘बोअर’. अभिप्राय मिळाला, पण निबंध होता तिथेच राहिला.

यात मुलांचा दोष नाही. दुसऱ्याच्या लिखाणावर काय बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. खरं तर आपल्याकडच्या शाळांना ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्रात २०१० साली पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये ‘सहाध्यायी मूल्यमापन’ हा शब्दही आहे. म्हणजे मुलांनी एकमेकांचं काम तपासणं. कागदावर शब्द आहे, पण ते करायचं कसं?

ते एका उदाहरणावरून पाहू. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला जाऊ.

आधी निबंध वाचा

हिवरा आश्रम हे गाव ओळखलं जातं ते शुकदास महाराजांनी सुरू केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे. दरवर्षी विवेकानंद जयंतीला तिथे मोठा महोत्सव भरतो. शेवटच्या दिवशी शेतात लांबच लांब पंगती बसतात आणि पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून वाढला जातो. या भागातल्या मुलांना ‘आमच्या गावचा उत्सव’ हा विषय दिला, तर बहुतेक जण यावरच लिहितील.

खालचा निबंध खास सरावासाठी रचलेला आहे. आठवीतल्या एका मुलीने लिहिलाय असं समजा. प्रत्येक वाक्याला क्रमांक दिलाय, त्याचं कारण पुढे कळेल.

(१) आमच्या गावात दरवर्षी विवेकानंद जयंतीचा महोत्सव असतो.
(२) तेव्हा खूप गर्दी असते.
(३) शेवटच्या दिवशी सर्वजण पंगतीत बसून पुरी आणि वांग्याची भाजी खातात.
(४) ट्रॅक्टरमधून वाढतात, ते दृश्य पाहून डोळ्यांचे पारणे फिटते.
(५) मागच्या वर्षी पंगतीत माझी आजी हरवली होती, पण नंतर सापडली.
(६) आजी म्हणाली, “काहून घाबरली वं? मी तं इथंच होती.”
(७) असा हा महोत्सव मला खूप आवडतो.

आता तीन मैत्रिणींचे अभिप्राय बघा.

पहिली : “खूप छान! मस्त लिहिलंस.”

दुसरी : “तुला वर्णन जमत नाही. वाक्य ६ काढून टाक, ते अशुद्ध आहे.”

तिसरी : “वाक्य ६ वाचताना मला आजीचा आवाज ऐकू आला. वाक्य ५ मध्ये मात्र मी थांबले. आजी कुठे हरवली? तू तेव्हा कुठे होतीस? एवढी मोठी गोष्ट एका ओळीत संपली.”

तिघींमध्ये फरक कुठे पडला?

पहिलीचं बोलणं गोड आहे, पण त्यातून करण्यासारखं काहीच मिळत नाही. दुसरीने काम दिलं, पण ‘तुला जमत नाही’ हे लिखाणाबद्दल नाही, मुलीबद्दल आहे. असं ऐकल्यावर माणूस निबंध दुरुस्त करत नाही, वही मिटतो.

तिसरीने तीन गोष्टी केल्या. नेमकं वाक्य दाखवलं. ते वाचताना तिला स्वतःला काय झालं, ते सांगितलं. आणि उपाय न सांगता प्रश्न विचारला.

अमेरिकेतले शिक्षक रॉन बर्गर यांनी अशा अभिप्रायासाठी तीन अटी लोकप्रिय केल्या : तो प्रेमळ हवा, नेमका हवा आणि उपयोगी हवा. ते नेहमी आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरातल्या पहिलीच्या एका मुलाचं उदाहरण देतात. त्याने फुलपाखराचं चित्र काढलं होतं. वर्गमित्रांनी आधी फक्त आकाराबद्दल सूचना दिल्या आणि आकार जमल्यावर नक्षीबद्दल. सहाव्या प्रयत्नात चित्र ओळखू येणार नाही इतकं बदललं. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की एका वेळी एकच बाजू घेतली गेली.

एका प्रश्नाने काय झालं?

आता आपल्या निबंधाकडे परत येऊ. ‘तू तेव्हा कुठे होतीस?’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना लिहिणारीला आठवतं की ती पाणी आणायला उठली होती. मग वाक्य ५ चं असं होतं :

“मी पाणी आणायला उठले. परत आले तर आमची पंगत सापडेना. सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या आणि प्रत्येक ओळीत कुणाची तरी आजी बसलेली होती. मी दोन ओळी शोधल्या आणि रडायला लागले. तेवढ्यात मागून हाक आली, ‘काहून घाबरली वं? मी तं इथंच होती.’ तेव्हा कळलं, आजी हरवलीच नव्हती. हरवले होते मी.”

बघा, आधीच्या निबंधात ‘खूप गर्दी असते’ असं लिहिलं होतं, तरी गर्दी दिसत नव्हती. आता ‘गर्दी’ हा शब्द नाही, तरी ती दिसते. आणि ‘मी तं इथंच होती’ या वाक्याचा खरा अर्थ आत्ता उलगडला. दुसऱ्या मैत्रिणीचं ऐकून ते वाक्य खोडलं असतं, तर निबंधातली सगळ्यात जिवंत जागा गेली असती.

इथे बोलीचा मुद्दा आलाच. आजी वऱ्हाडीत बोलते, म्हणून अवतरणचिन्हात तिचं बोलणं तसंच राहायला हवं. मात्र लिहिणारीचं स्वतःचं निवेदन परीक्षेसाठी प्रमाण मराठीत असावं, अशी अपेक्षा असते. म्हणून तपासणाऱ्याने आधी विचारायचं, ‘हे वाक्य कोण बोलतंय?’ आणि मगच खूण करायची.

वहीत चिकटवायची यादी

अभिप्राय देणाऱ्यासाठी :

- निबंध पूर्ण वाचून होईपर्यंत मी पेन खाली ठेवला का?
- मला भावलेलं एक वाक्य मी क्रमांकासह सांगितलं का? ते का भावलं, हेही लिहिलं का?
- जिथे मी अडखळलो किंवा मला आणखी हवं होतं, अशी एकच जागा दाखवली का?
- तिथे हुकूम न सोडता प्रश्न विचारला का?
- माझं वाक्य लिखाणाबद्दल आहे ना? ‘तुला येत नाही’ असं काही निसटलं नाही ना?
- मी माझंच वाक्य त्याच्या निबंधात घुसवलं नाही ना?
- शुद्धलेखनाच्या खुणा सगळ्यात शेवटी आणि तीनपेक्षा जास्त नाहीत ना?

अभिप्राय घेणाऱ्यासाठी दोनच नियम. ऐकताना सफाई द्यायची नाही. आणि सूचना पटली नाही तर सोडून द्यायची, पण का सोडली ते एका ओळीत लिहायचं. निबंध शेवटी लिहिणाऱ्याचा आहे.

वर्गात सराव कसा घ्यायचा?

दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत कुणाचाही खरा निबंध घ्यायचा नाही. वरचा नमुना फळ्यावर लिहा. एकाने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. मग प्रत्येकाने पाच मिनिटांत एका चिठ्ठीवर दोन वाक्यं लिहायची : एक भावलेली जागा आणि एक प्रश्न.

चिठ्ठ्या गोळा करून दहा-बारा मोठ्याने वाचा. प्रत्येक चिठ्ठीला एकच कसोटी लावा : ही चिठ्ठी दुसऱ्या कुठल्याही निबंधावर चिकटवली तर चालेल का? ‘छान वर्णन केलंस’ कुठेही चालते, म्हणून ती बाद. ‘वाक्य ४ मधलं डोळ्यांचे पारणे मी निबंधाच्या पुस्तकातही वाचलंय. ट्रॅक्टर जवळून गेला तेव्हा तू काय पाहिलंस?’ ही चिठ्ठी याच निबंधाची आहे, म्हणून ती पास. बाद झालेल्या चिठ्ठ्या त्याच मुलांना पुन्हा लिहायला द्या. नाव वाचायचं नाही.

दुसऱ्या तासिकेत मुलांचे स्वतःचे निबंध येतात. तिघांचा गट करा. प्रत्येकाने आपल्या वाक्यांना आधी क्रमांक द्यायचे. लिहिणारा वाचतो, दोघे ऐकतात, मग वही बघून यादीप्रमाणे लिहितात. एका निबंधाला आठेक मिनिटं लागतात, म्हणजे तिघांचं काम पंचवीस मिनिटांत होतं. उरलेल्या वेळात प्रत्येकाने फक्त एक परिच्छेद नव्याने लिहायचा. हा शेवटचा भाग वेळेअभावी गळाला, तर वह्यांवर पुन्हा नुसत्या चिठ्ठ्याच उरतात.

कुठे बिघडतं?

सगळ्यात जास्त बिघडतं ते गुण द्यायला सांगितल्यावर. दहापैकी किती, असं विचारलं की मुलं मैत्री सांभाळतात किंवा राग काढतात. म्हणून आकडा अजिबात नको.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. मुलं कधी बरोबर शब्दही चुकीचा करतात. ‘आशीर्वाद’ खोडून ‘आर्शिवाद’ लिहिलेलं अनेक वह्यांत सापडेल. म्हणून मुलांनी शंका असलेल्या शब्दाखाली फक्त रेघ ओढायची. निवाडा शब्दकोश किंवा शिक्षक करतील.

तिसरी मर्यादाही आहे. वैचारिक निबंधात माहितीच चुकीची असेल, तर शेजारच्या मुलालाही ती कळणार नाही. ते काम शिक्षकांचंच. मुलं वाचक म्हणून एवढंच खात्रीने सांगू शकतात की कुठे कळलं, कुठे अडलं आणि कुठे आणखी हवं होतं.

आणि यात फायदा फक्त ज्याचा निबंध वाचला जातो त्याचा नाही. २००९ साली क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला. एका गटाने फक्त अभिप्राय द्यायचा सराव केला, दुसऱ्याने फक्त मिळालेले अभिप्राय वापरायचा. स्वतःच्या लेखनात जास्त प्रगती दिसली ती देणाऱ्यांची. कारण सरळ आहे. मैत्रिणीच्या वाक्य ५ मध्ये दडलेली गोष्ट ज्या मुलीला दिसली, ती पुढच्या वेळी स्वतःच्या वहीतही ‘पण नंतर सापडली’ या शब्दांपाशी थांबेल.