पैसे गेले, तिकीट कुठंय?

दादर ते सावंतवाडी तुतारी एक्सप्रेस, स्लीपर, चौघांचं कुटुंब. प्रवास उद्याचा, म्हणजे तत्काळ आज सकाळी ११ वाजता उघडणार (एसीचं १० लाच उघडतं). त्या वेळी चार नावं, वयं टाइप करत बसलं की वेटिंग लागलंच म्हणून समजा. म्हणून आयआरसीटीसीच्या खात्यात आदल्या दिवशीच My Profile मध्ये जाऊन Master List भरून ठेवावी. आजीला खालचा बर्थ हवा, ही पसंतीही तिथेच नोंदवता येते. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच लिहावीत. बुकिंगच्या वेळी यादीतल्या नावांवर नुसती टिचकी मारायची. तत्काळमध्ये एका तिकिटावर चारच प्रवासी बसतात, तेव्हा घर मोठं असेल तर कोण कोणासोबत हे आधीच ठरवा.

यादीमुळे वेळ वाचतो, पण गाडं अडतं ते पैसे भरताना. यूपीआयचा पिन टाकला, बँकेचा मेसेज आला, आणि स्क्रीनवर चाक फिरतच राहिलं. अशा वेळी घाबरून लगेच दुसरं तिकीट काढू नका. आधी My Transactions मध्ये Booked Ticket History उघडा. मेसेज उशिरा येतो, पण तिकीट निघालं असेल तर दहा आकडी पीएनआर तिथे दिसतो. हे न बघता दुसरं काढलं आणि दोन्ही कन्फर्म निघाली, तर एकाचे पैसे बुडालेच, कारण कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा मिळत नाही.

तिथे नसेल तर Failed Transaction History बघा. व्यवहार तिथे दिसला तर तिकीट निघालेलं नाही हे नक्की, आता खुशाल पुन्हा प्रयत्न करा. कधी बँकेचा होकार आयआरसीटीसीपर्यंत पोचतच नाही, कधी पोचतो पण तोवर जागा संपलेल्या असतात. दोन्ही वेळी पैसे ज्या खात्यातून गेले तिथेच आपोआप परत येतात. त्यासाठी टीडीआर भरायचा नसतो, तो निघालेल्या तिकिटासाठी असतो.

होकारच पोचला नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची असते, आणि ती मागण्याचा संकोच अजिबात करू नये. बँकेचा व्यवहार क्रमांक आणि आयआरसीटीसीचा ट्रान्झॅक्शन आयडी, दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. १४६४६ वर विचारणा करा, बँकेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं.

मदतीचा नंबर मात्र गुगलवर शोधू नका, तिथे ठग टपलेले असतात. परताव्यासाठी कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला की फोन ठेवून द्या. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही.