पहिल्या पानासाठी तीनपैकी एक फोटो

शेकडो फोटोंमधून चाळत चाळत छायाचित्र संपादकासमोर रात्री उशिरा दोन-तीनच फोटो उरतात. तोवर खरे-खोटे पारखून झालेले असते. मग पहिल्या पानावर घटनेचा कोणता क्षण द्यायचा, एवढेच ठरवायचे राहते. 2 सप्टेंबर 2015 च्या रात्री युरोपातल्या अनेक वृत्तपत्रांवर ही वेळ आली.

त्या दिवशी पहाटे तुर्कस्तानातल्या बोद्रुमजवळ निर्वासितांची नाव बुडाली. आलान कुर्दी या सीरियन कुर्द चिमुरड्याचा मृतदेह किनाऱ्याला लागला. दोगान वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकार निलुफेर देमिर यांनी तो टिपला. त्यांचे तीन फोटो जगभर गेले. पहिल्यात लाल टी-शर्ट, निळी चड्डी आणि पायांत बूट घातलेला मुलगा ओल्या वाळूत एकटाच पालथा पडला आहे. दुसऱ्यात त्याच्याजवळ एक सुरक्षा जवान उभा आहे. तिसऱ्यात जवान त्याला दोन्ही हातांवर उचलून नेत आहे.

पहिला फोटो सर्वांत थेट आहे. नजरेला दुसरीकडे वळायला त्यात जागाच नाही. पण सकाळी घराघरांत मुलांच्याही हाती पडणाऱ्या अंकात तो मोठा छापावा का, हा प्रश्न उरतो. दुसऱ्यात मोठ्या माणसाशेजारी मुलाचे इवलेपण कळते. मात्र कडेने कापून जवानाला वगळले, की हाच फोटो जवळपास पहिल्यासारखा होतो. म्हणजे कुठे कापायचे, यातही निवड असते. तिसऱ्यात मुलाचा चेहरा दिसत नाही आणि कोणीतरी त्याला जपून उचलले आहे. वाचकाला तो सोसवतो, पण मुलगा तिथे एकटा पडला होता हे सत्य त्यात मागे सरते.

ब्रिटनमध्ये ‘गार्डियन’सह बहुतेक दैनिकांनी पहिल्या पानावर तिसरा फोटो घेतला. ‘इंडिपेंडंट’ने मात्र वाळूत पडलेला मुलगाच दाखवला. जर्मनीच्या ‘बिल्ड’नेही तोच प्रसंग छापला आणि त्यावर वाचकांच्या तक्रारी आल्या. उत्तरादाखल 8 सप्टेंबरचा अंक या दैनिकाने एकही फोटो न देता काढला.

घाईतल्या रात्री चूक होण्याचा धोका फोटोखालच्या ओळीतही असतो. त्या रात्री मुलाचे नाव ‘आयलान’ आणि वय तीन वर्षे असे छापले गेले. पुढे त्याचे नाव आलान असल्याचे आणि तो दोनच वर्षांचा असल्याचे कळले. म्हणून खात्री नसलेला तपशील त्या ओळीत घालू नये.

मुलाचा चेहरा न दाखवणारा, तरी मृत्यू न लपवणारा तिसरा फोटो घराघरांत जाणाऱ्या दैनिकासाठी अधिक योग्य होता. पण पहिला छापणाऱ्यांनीही सत्याशी बेइमानी केली नव्हती.