छोट्या धंद्याची वही : भाग ७
एजंटला पाठवायचा कमिशनचा हिशेब

मागच्या भागात आपण एजंटशी करायचा करार पाहिला. त्यातला टक्का खरा कसाला लागतो तो महिन्याच्या हिशेबात.

सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्याचं उदाहरण घेऊ. नागपूरचा एजंट, कमिशन ३ टक्के, तेही पैसे जमा झाल्यावर आणि जीएसटी वगळून. ऑक्टोबर २०२५ मध्ये एजंटने चार लाखांच्या ऑर्डरी आणल्या. त्याच्या मनातलं कमिशन बारा हजार. हातात पडले ६,२३२. फोन येणारच: "शेठ, बाकीचे कुठे गेले?"

हे उत्तर हिशेबाच्या कागदानेच द्यायला हवं. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरच्या ओळीत चार गोष्टी ठेवा: ऑर्डर किती, बिल किती, जमा किती, बाकी किती. मग एजंटला दिसतं की चार लाखांपैकी अडीच लाखांचाच माल रवाना झाला आणि त्यातले एक लाख आले. ऑगस्ट-सप्टेंबरच्या बिलांचे दोन लाख याच महिन्यात जमा झाले. बँकेत आले ३,१५,०००; त्यातला ५ टक्के जीएसटी काढला की उरतात ३,००,०००. त्यावर कमिशन ९,०००. उरलेलं बुडालेलं नाही, 'बाकी'च्या रकान्यात उभं आहे. ती वसुली कोणाकडून करायची, हेही त्याला तिथेच कळतं.

आता कपात. ती दोन प्रकारची असते आणि इथेच घोळ होतो. पहिली कपात कमिशनच कमी करते. ज्या बिलावर आधी कमिशन दिलं होतं, त्यातला २०,००० रुपयांचा माल परत आला. त्याचे ६०० वजा, कमिशन ८,४००. या ओळीत बिल क्रमांक आणि क्रेडिट नोटचा क्रमांक लिहाच.

दुसरी कपात कमिशन ठरल्यावर, द्यायच्या रकमेतून होते: टीडीएस आणि प्रवासासाठी दिलेली उचल. २०२५-२६ मध्ये वर्षाचं कमिशन २०,००० च्या वर गेलं की टीडीएस २ टक्के. या एजंटचं ते गेलेलं आहे. ८,४०० वर १६८. मग उचल २,०००. उरले ६,२३२.

क्रम उलटा केला, म्हणजे उचल आधी वजा करून ६,४०० वर टीडीएस काढला, तर तो १२८ भरतो. चाळीस रुपये कमी कापले जातात आणि त्यावरचं व्याज कारखान्याच्या अंगावर येतं. उचल हे आधीच दिलेलं कमिशन आहे. तिच्याने कमिशन घटत नाही.

टीडीएसच्या ओळीखाली एक वाक्य जोडा: 'ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते, २६एएस मध्ये दिसेल.' नाहीतर एजंटला ते १६८ शेठने खाल्ल्यासारखे वाटतात.

पुढच्या भागात: ग्राहकाने परस्पर वटाव कापला, तर कमिशन कोणत्या रकमेवर?